पावसाळा ते शिमगा: आईस्क्रीमचे नाव आठ महिने जागे कसे ठेवायचे

हा लेख लहान उत्पादकांसाठी आहे. म्हणजे ज्यांचा स्वतःचा छोटा कारखाना आहे, जिल्ह्यातल्या चाळीस-पन्नास दुकानांत फ्रीजर ठेवले आहेत आणि ज्यांची कमाई मार्च ते जूनचा पहिला आठवडा एवढ्यातच होते. मी साताऱ्यात अकरा वर्षे हा धंदा करतो आहे. आज माझे 46 फ्रीजर बाहेर आहेत.

पहिली तीन वर्षे माझी समजूत अशी होती की पावसाळा लागला की आपले काम संपले, आता होळीला पुन्हा सुरू. तिसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये वसुलीसाठी कोरेगाव रस्त्यावरच्या एका दुकानात गेलो. माझा फ्रीजर बंद होता. वर बिस्किटांचे खोके रचलेले होते आणि समोरच्या काचेवर, बरोबर माझ्या नावावर, मोबाईल रिचार्जचा कागद चिकटवला होता. झाकण उघडले तर आत कुबट वास आणि रबराच्या पट्टीवर काळी बुरशी. शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी दुकानदाराला विचारले, "ह्यांची कंपनी बंद पडली का हो?" त्या दिवसापासून मी पावसाळ्याचे काम वेगळे धरायला लागलो. खालचे टप्पे त्यातूनच बसले आहेत. तुम्ही ते जूनच्या सुरुवातीपासून क्रमाने करत जा.

सुरुवातीला हाताशी काय हवे

- सगळ्या फ्रीजरची वही: दुकान, फ्रीजरचा सिरियल नंबर, लिटर, काचेचे झाकण की बंद झाकण, ठेवल्याची तारीख
- प्रत्येक दुकानदाराशी केलेला फ्रीजरचा करार आणि डिपॉझिटची पावती
- मागच्या वर्षीची दुकानवार, महिनावार विक्री
- सॉकेटमध्ये लावायचा युनिट मोजणारा छोटा मीटर
- सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी तापमान लक्षात ठेवणारा डिजिटल थर्मामीटर, निदान दोन
- अन्न परवान्याची चालू प्रत (नूतनीकरणाची तारीख याच महिन्यांत येत नाही ना, ते आधी बघा)

महिनावार विक्री लिहिलेली नसेल तर बिलबुकावरून काढा. दोन रात्री जातील, पण पुढचा प्रत्येक निर्णय त्या आकड्यांवर उभा आहे.

1. दुकानदार फ्रीजर बंद का करतो, ते आधी कागदावर मांडा

दुकानदार म्हणतो, "अहो, ह्या दिवसांत कोण खातंय आईस्क्रीम?" आपल्याला वाटते की त्याचा उत्साह गेला. खरे कारण विजेच्या बिलात असते.

वाढे फाट्याजवळच्या एका किराणा दुकानाचा हिशेब सांगतो. तिथे माझा 300 लिटरचा काचेच्या झाकणाचा फ्रीजर होता. मे महिन्यात त्यांची विक्री 28 हजारांची. वीस टक्के मार्जिन धरले तर त्यांना 5,600 रुपये सुटले. जुलैत विक्री आली 3,200 वर, म्हणजे हातात 640 रुपये. मी मीटर लावून मोजले, तर तो फ्रीजर दिवसाला 2.7 युनिट घेत होता. महिन्याचे 81 युनिट झाले. त्यांच्या दुकानाच्या बिलात सगळे आकार धरून युनिट 11 रुपयांच्या आसपास पडत होते, म्हणजे 891 रुपये. थोडक्यात, माझा फ्रीजर चालू ठेवण्यासाठी ते दर महिन्याला खिशातून अडीचशे रुपये घालत होते. त्यांनी तो बंद केला यात त्यांचे काहीच चुकले नाही.

म्हणून जूनमध्ये दुकानात जाऊन "चालू ठेवा ना, दादा" अशी विनवणी करत बसू नका. मीटर घेऊन जा, दोन दिवस लावून ठेवा आणि तोच हिशेब त्यांच्यासमोर मांडा. आपला तोटा या माणसाला दिसतो आहे, हे कळले की दुकानदार पुढचे ऐकून घेतो.

2. फ्रीजरचे तीन गट करा

सगळे फ्रीजर चालू ठेवण्याचा हट्ट धरू नका. मी एका वर्षी तो प्रयोग करून पाहिला. दुकाने चालू राहिली, पण प्रत्येक फ्रीजरमध्ये दहा-बारा कप इकडे-तिकडे पडलेले असायचे आणि गाडीचे डिझेलही सुटत नव्हते. आता मी 46 चे तीन भाग करतो.

*पहिला गट, चालू ठेवायचे.* माझ्याकडे असे 14 आहेत. बसस्थानकाजवळची, हॉटेलांच्या रांगेतली, जेवणानंतर लोक फिरायला येतात अशा रस्त्यांवरची दुकाने. इथे पावसाळ्यातही दुकानदाराला वीजबिल वजा जाऊन काहीतरी सुटते. या दुकानांत दर आठवड्याला गाडी गेलीच पाहिजे, माल कमी असला तरी.

*दुसरा गट, लहान फ्रीजर द्यायचा.* असे 12. वाढे फाट्याचे दुकान यातलेच. तिथला 300 लिटरचा उचलून 100 लिटरचा बंद झाकणाचा ठेवला. तो दिवसाला 1.1 युनिट घेतो, महिन्याचे बिल 363 रुपये. विक्री तेवढीच, 3,200. दुकानदाराला 277 रुपये सुटतात. रक्कम मोठी नाही, पण वजाबाकीची बेरीज झाली. शिवाय फ्रीजर भरलेला दिसतो. भरलेला फ्रीजर वीज गेली तरी थंडी धरून ठेवतो; रिकाम्यात झाकण उघडले की गरम, दमट हवा आत जाते आणि कपांवर बर्फ धरतो. लहान फ्रीजर मी जुने, कॉम्प्रेसर तपासून घेतले, एकदम नाही, वर्षाला चार असे.

बंद झाकणाची एक अडचण आहे. आतला माल दिसत नाही. म्हणून समोरच्या पत्र्यावर फोटो आणि किंमत असलेला दरफलक लावा आणि त्यावर फक्त आत खरोखर असलेले प्रकार ठेवा. फलकावर वीस प्रकार आणि आत चार, असे झाले की गिऱ्हाईक दोनदा विचारते, तिसऱ्यांदा विचारत नाही.

*तिसरा गट, नीट बंद करायचे.* उरलेले 20. बंद करणे हेही काम आहे आणि ते तुमच्या माणसाने करायचे, दुकानदारावर सोडायचे नाही. माल काढा, बर्फ वितळू द्या, कोमट पाण्यात खायचा सोडा घालून आतून पुसा, रबराची पट्टी घडीघडीतून पुसा, कोरडे करा. मग झाकणात लाकडाची चार बोटांची खुंटी अडकवा म्हणजे हवा खेळती राहील. बुरशी धरते ती झाकण घट्ट लावल्यामुळेच. वायर गुंडाळून वर बांधा, नाहीतर उंदीर कुरतडतात.

दुकानदार वर सामान ठेवणारच. ठेवू द्या, जागा त्यांची आहे. एवढेच सांगा की समोरची बाजू मोकळी राहू द्या. तिथे मी एक पाटी लावतो: "आमचे आईस्क्रीम सध्या अमुक दुकानात मिळेल", आणि खाली पहिल्या गटातल्या जवळच्या दुकानाचे नाव. बंद फ्रीजर असा चालू दुकानाचा रस्ता दाखवतो. ही पाटी लावायला लागल्यापासून "बंद पडले का?" हा प्रश्न माझ्या कानावर आलेला नाही. दिवाळीला या वीस जणांकडे एकेक फॅमिली पॅक पोचवतो. आठ महिने जागा अडवल्याची ती जाण आहे.

3. उन्हाळ्याचा उरलेला माल परत उचला

नवखा उत्पादक इथे सगळ्यात जास्त फसतो, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

जूनमध्ये दुकानांत माल पडून असतो. आपण विचार करतो, पाकिटावर अजून मुदत आहे, हळूहळू विकला जाईल. पण पाकिटावरची मुदत तापमान उणे 18 अंश किंवा त्याखाली टिकेल असे धरून लिहिलेली असते. पावसाळ्यात खेडोपाडी वीज जाते-येते आणि काही दुकानदार रात्री फ्रीजर बंदही करतात. तापमान चढले की आईस्क्रीममधले बर्फाचे बारीक कण वितळतात. पुन्हा थंड झाले की ते पाणी उरलेल्या मोठ्या कणांवर गोठते. असे दहा-पंधरा वेळा झाले की कण एवढे मोठे होतात की जिभेला खरखर लागते. माल नासलेला नसतो, वास येत नाही, मुदतही संपलेली नसते, तरी खाणारा म्हणतो, "पूर्वीची चव राहिली नाही."

पावसाळ्यात तुमचे आईस्क्रीम खाणारी माणसे थोडी, पण ती खरी आवडीने खाणारी. त्यांच्याच हातात वर्षातला सगळ्यात वाईट कप पडतो. माझ्या अनुभवात नाव विसरले गेल्याने जेवढे नुकसान होते, त्याहून जास्त या खरखरीत कपाने होते.

कसे ओळखायचे? कपाचे झाकण उघडा. आईस्क्रीम कडेपासून सुटून आत आकसले असेल, झाकणाच्या खालच्या बाजूला पांढरा बर्फ जमला असेल किंवा तळाशी चिकट पाक उतरला असेल, तर तो माल तापून पुन्हा गोठला आहे. कोन असेल तर कागदावरून बोट फिरवा, बिस्किट ओले होऊन मऊ पडलेले कळते. फॅमिली पॅकची बाजू अंगठ्याने दाबा. उणे 18 ला ठेवलेला पॅक दाबला जात नाही.

संशय असलेल्या दुकानात थर्मामीटर मालाच्या मध्ये ठेवून चार दिवसांनी बघा. सर्वांत जास्त तापमान उणे 10 च्या वर गेलेले दिसले तर ते दुकान थेट तिसऱ्या गटात टाका.

माझा नियम असा आहे: 15 जुलैनंतर उन्हाळ्याच्या बॅचचा एकही नग दुकानात राहू द्यायचा नाही. तपासून जो चांगला निघतो तो कारखान्याच्या कोल्ड रूममध्ये येतो आणि पहिल्या गटातल्या चालत्या दुकानांत आधी संपतो. खराब झालेला टाकून देतो, बदल्यात दुकानदाराला नवा माल किंवा बिलात वजावट. पहिल्या वर्षी याचा खर्च 31 हजार आला आणि तो जड गेला. मग मी मेच्या मध्यापासूनच गाडीत माल कमी टाकायला लागलो. गेल्या वर्षी तोच खर्च नऊ हजारांवर आला.

4. पावसाळ्यात कोणता माल ठेवायचा

उन्हाळ्यात माणूस तहानेपोटी, रस्त्यावर उभा राहून खातो. पावसाळ्यात आणि थंडीत तो जेवणानंतर, घरात बसून खातो. एवढा फरक धरला की माल आपोआप ठरतो. बर्फाची कँडी पहिल्या पावसात थांबते, ती पूर्ण काढून घ्या. पाच-दहा रुपयांचे नगही काढा. अर्धा लिटर आणि 700 मिलीचे फॅमिली पॅक ठेवा, थोडे कप ठेवा, आणि प्रकार पाच-सहाच ठेवा.

पाऊस पडत असताना लोकांना "आईस्क्रीमने सर्दी होत नाही" हे पटवायला जाऊ नका. मी तसा फलक लावून पाहिला आहे. वाचणाऱ्याच्या डोक्यात फक्त "सर्दी" हा शब्द राहतो.

5. पावसाळ्याचे एक फळ आपल्या नावाला जोडा

माझ्या धंद्याला या टप्प्याने सगळ्यात जास्त हात दिला. एप्रिलमध्ये सगळेच आंबा विकतात, तिथे मोठ्या कंपन्यांपुढे आपला आवाज पोचत नाही. ऑगस्ट ते नोव्हेंबर मोठ्यांच्या जाहिराती थंडावलेल्या असतात आणि नेमके तेव्हाच पुरंदरचे सीताफळ सासवडच्या बाजारात येते. साताऱ्याहून पहाटे निघालो की लिलावाला पोचतो. तुमच्या भागात जांभूळ असेल, पेरू असेल, अंजीर असेल. महाबळेश्वरच्या बाजूला असाल तर डिसेंबरपासून स्ट्रॉबेरी आहे. पण एकच निवडा आणि दरवर्षी तेच करा.

सीताफळाचे काम नाजूक आहे, म्हणून पायऱ्या सांगतो.

फळ डोळे उघडलेले पण टणक असे घ्या. दोन-तीन दिवसांत ते पिकते. सगळी एकदम पिकत नाहीत, म्हणून रोज सकाळी हाताने निवड करावी लागते. आमच्याकडे गर हाताने काढतात. बायका मोजे घालून, वाटीने गर चाळणीवर घेतात आणि बी वेगळी करतात. यंत्र वापरायचे असेल तर बी फुटणार नाही असेच हवे. सीताफळाची बी विषारी असते, फुटली तर गर कडू होतो आणि तो फेकावा लागतो. एक किलो फळातून आम्हाला साडेतीनशे ते चारशे ग्रॅम गर मिळतो. खरेदीचा भाव ठरवताना हे प्रमाण डोळ्यांसमोर ठेवा.

गर कधीही दुधात घालून उकळू नका. तापवला की तो कडवट होतो. दूध, साय, दूध पावडर, साखर यांचे मिश्रण आधी पाश्चराइज करायचे, 4 अंशांपर्यंत थंड करायचे, रात्रभर मुरू द्यायचे आणि सकाळी मशीनमध्ये घालताना गर मिसळायचा. म्हणजे गर न तापवताच मालात जातो, आणि म्हणून इथे स्वच्छतेत सूट नाही: फळे धुऊन, भांडी उकळत्या पाण्यातून काढून, हात मोज्यात. गर काढून झाला की अर्ध्या तासाच्या आत एकतर मिश्रणात गेला पाहिजे नाहीतर किलोकिलोच्या पिशव्यांत उणे 18 ला गेला पाहिजे. उघडा राहिला तर आधी गुलाबी, मग तपकिरी पडतो. मोसमाची पहिली बॅच मी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून घेतल्याशिवाय दुकानात पाठवत नाही.

साखर नेहमीएवढी घालू नका. सीताफळाची स्वतःची साखर भरपूर असते. साखर वाढली की मिश्रणाचा गोठणबिंदू खाली जातो आणि तोच कप दुकानाच्या फ्रीजरमध्ये मऊ राहतो. पहिल्या वर्षी माझ्याकडे "वितळलेला माल देता" अशा तक्रारी आल्या. फ्रीजर बरोबर होते, माझी पाककृती चुकीची होती.

आता नावाचा भाग. दुसऱ्या वर्षी मी सीताफळाला वेगळे नाव आणि काळा-सोनेरी डबा केला. डबा सुंदर होता. पण लोकांना तो माझा आहे हे कळलेच नाही. सीताफळ आवडले म्हणून मार्चमध्ये माझ्या फ्रीजरकडे कोणी आले नाही. तिसऱ्या वर्षी मी नेहमीचाच पांढरा डबा, नेहमीचे हिरवे झाकण ठेवले आणि झाकणावर फक्त सीताफळाचे चित्र वाढवले. मोसमाबाहेरचा माल मोसमातल्या मालाचा सख्खा भाऊ दिसला पाहिजे. सणासाठी डबा बदलणे, दिवाळीला लाल, नाताळला निळा, हे लहान उत्पादकाने करू नये. खर्च जातो आणि ओळख पुसते. छापील डबे उरले की किंमत बदलल्यावर आणखी त्रास. 22 सप्टेंबर 2025 पासून आईस्क्रीमचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला, तेव्हा ज्यांनी वर्षभराचे डबे किंमत छापून घेतले होते, त्यांना छापलेल्या किमतींचा मोठा घोळ निस्तरावा लागला. चित्र छापून घ्या, किंमत आणि बॅच नंतर शिक्क्याने मारा.

पहिली गाडी निघते त्या दिवशी दुकानांवर एकच पाटी लागते: पिवळ्यावर हिरव्या अक्षरांत "सीताफळ आले". त्याखाली आमचे नाव. गेली आठ वर्षे तीच पाटी, तीच अक्षरे, एकाच पेंटरकडून. आता ऑगस्ट लागला की लोक दुकानदाराला विचारतात, "पाटी कधी लागणार?" माल संपला की पाटी त्याच दिवशी उतरवतो, एखादे दुकान विसरले तर फोन करतो.

एक मोह टाळा. फळ महाग झाले की इसेन्स घालून निम्म्या गरात भागवावे, किंवा दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल घालावे असे कोणीतरी सुचवते. आईस्क्रीम म्हणायचे तर त्यात किमान 10 टक्के दुधाचा स्निग्धांश हवा. दुसरे तेल वापरले तर डब्यावर "फ्रोझन डेझर्ट" असे लिहावे लागते. आठ महिने नाव जपायचे आणि त्याच डब्यावर वेगळा शब्द छापायचा, यात काही मेळ नाही. फळ महाग असेल तर कमी माल करा.

6. लग्नसराईत नाव वाटीत हरवू देऊ नका

तुळशीचे लग्न झाले की लग्नाच्या तिथी निघतात आणि केटररच्या ऑर्डरी येतात. चार लिटरचे पॅक, पन्नास-साठ वाट्या एका पॅकमधून. गरम गुलाबजामबरोबर व्हॅनिला, नाहीतर गाजर हलव्याबरोबर. थंडीत रोख पैसा देणारे हे एकमेव काम आहे, ते घ्याच.

पण हजार माणसे तुमचे आईस्क्रीम खाऊन घरी जातात आणि कुणालाच ते कोणाचे हे ठाऊक नसते. म्हणून मी दोन गोष्टी दरात धरूनच सांगतो. माझ्या नावाचे कागदी कप मी देणार, प्रत्येक ऑर्डरबरोबर मोजून. आणि वाटपाच्या टेबलावर माझ्या हिरव्या रंगाचा कापडी पडदा लागणार. कपाचा खर्च नगाला रुपयाच्या आतबाहेर येतो. केटरर सुरुवातीला नाही म्हणतात, कारण त्यांना स्वतःचे नाव पुढे हवे असते. तिथे भांडू नका. कपाच्या एका बाजूला त्यांचे नाव, दुसऱ्या बाजूला आपले, असे मी तिघांना छापून दिले आणि ते तिघे आजही माझ्याकडेच आहेत.

एक खबरदारी घ्या. कार्यालयात माल किती वाजता उतरला आणि किती वाजता वाढला, हे चलनावर लिहून केटररची सही घ्या. मुहूर्त लांबला, पंगती उशिरा बसल्या आणि माल दोन तास बाहेर राहिला, तर पाहुण्यांच्या तोंडात नाव तुमचे असते.

7. सूट देऊन दर मोडू नका

सप्टेंबरमध्ये विक्री पडली की "एकावर एक" काढावेसे वाटते. मी एकदाच काढले. माल उठला, पण मार्चमध्ये दुकानदार म्हणाले, "तेव्हा परवडत होते, मग आता का नाही?" वर्षभराचा दर त्या एका महिन्याने खाली ओढला. द्यायचेच असेल तर वीजबिलातला वाटा द्या, म्हणजे पहिल्या गटातल्या दुकानाला महिन्याला ठरावीक रक्कम, बिलाचा फोटो पाठवल्यावर. ती रक्कम गिऱ्हाइकाला दिसत नाही, म्हणून मालाची किंमत शाबूत राहते आणि नोव्हेंबरात ती देणे बंद केले तरी कुणाची तक्रार नसते.

8. संक्रांतीनंतर परत फिरा

14 जानेवारी झाली की वही काढा आणि तिसऱ्या गटातल्या वीसही दुकानांत स्वतः जा. फ्रीजर चालू करून बघा. सात महिने उभ्या असलेल्या यंत्रात पंख्यात धूळ आणि कोळिष्टके असतात, कधी गॅस गळून कमी झालेला असतो. रिकामा फ्रीजर चालू करून दुसऱ्या दिवशी थर्मामीटर बघा. रात्रभरात उणे 18 गाठले नाही तर मेकॅनिक आत्ताच बोलवा. होळीच्या आठवड्यात तो मिळत नाही.

याच भेटीत कराराची तारीख नवी करून घ्या. करारात तीन वाक्ये असू द्या: फ्रीजर कंपनीच्या मालकीचा, त्यात दुसऱ्याचा माल ठेवायचा नाही, आणि बंद काळात समोरची बाजू मोकळी ठेवायची. सिरियल नंबर दिसेल असा फोटो कराराला जोडा. मागे एका दुकानदाराने दुकान विकले आणि नवा मालक माझा फ्रीजर आपलाच समजला. फोटो होता म्हणून तो दोन दिवसांत परत मिळाला.

उन्हात उडालेली स्टिकरे बदला. हिरवा रंग उडून पोपटी झाला असेल तर ते स्टिकर काढाच, तो आपला रंग राहिलेला नसतो. मी एका डब्याचे झाकण बरोबर नेतो आणि स्टिकरशेजारी धरून बघतो. दुसऱ्या गटातले लहान फ्रीजर फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात उचलायचे आणि मोठे परत ठेवायचे. टेंपोवाल्याला महिनाभर आधी तारीख द्या. त्याच दिवशी बंद फ्रीजरवरची "अमुक दुकानात मिळेल" ही पाटी काढून गाडीत टाका, जूनमध्ये तीच पुन्हा लागते.